दुखतं किती यापेक्षा दुखतं कधी: बारावीतल्या मुलीच्या पाळीचं एक प्रकरण

मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. आई तिला घेऊन आली तेव्हा कारण सांगितलं ते असं: "मॅडम, हिला पाळीत फार त्रास होतो. प्रॅक्टिकलला नेमकी पाळी आली तर काय करायचं? गोळीने पाळी पुढे ढकलून द्या." दर महिन्याला तीन-चार दिवस कॉलेज बुडत होतं. क्लासच्या चाचण्या बुडायच्या, त्या पुन्हा होत नसत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र आहे तसा ठेवला आहे.)

पाळी पुढे ढकलायची गोळी देऊन मोकळं होता आलं असतं, पण एका महिन्यापुरतीच. म्हणून आधी दुखण्याची हकिगत पहिल्या पाळीपासून विचारली. पाळीच्या दुखण्यात निदानाचा मोठा भाग या हकिगतीतच असतो. दुखणं किती आहे यावर फारसं काही ठरत नाही. रक्त दिसण्याच्या आधी सुरू होतं की नंतर, किती दिवस टिकतं, वर्षागणिक बदलत गेलं का आणि सोबत आणखी काय दुखतं, यावर ठरतं.

पहिली पाळी बाराव्या वर्षी आली. सुरुवातीचं जवळजवळ वर्षभर काही दुखत नव्हतं. मग पहिल्या दिवशी ओटीपोटात कळा येऊ लागल्या. शेक आणि एक गोळी घेऊन शाळा व्हायची. इथपर्यंत सगळं नेहमीचं. दहावीच्या सुमारास चित्र बदललं. आता रक्त दिसायच्या दोन-तीन दिवस आधीच कंबर आणि ओटीपोट जड व्हायचं, उजवीकडे जास्त. पहिल्या दिवशी कळा आणि उलट्या. पाळी थांबल्यावरही दोन दिवस आतून ठणकत राहायचं. एकदा तर पाळीच्या तोंडावर उजव्या बाजूला इतकं दुखलं की अपेंडिक्स समजून दवाखान्यात ठेवलं, सलाइन लावलं, सोनोग्राफीत काही निघालं नाही आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. त्या दिवशी पाळी जवळ आली होती का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट मुलीने आपणहून सांगितली नाही. आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. या वयाच्या प्रत्येक मुलीच्या बाबतीत मी हे करते, आणि घरच्यांनाही तसं आधीच सांगते, म्हणजे कुणाला राग येत नाही. एकटी असताना तिला विचारलं की शरीरसंबंध आले आहेत का, कुणी त्रास दिला आहे का. दोन्हीला उत्तर नाही असं आलं. मग विचारलं, पाळीच्या दिवसांत संडासला बसताना दुखतं का? ती एकदम म्हणाली, "हो, सुरी फिरवल्यासारखं. म्हणून मी त्या दिवसांत जेवतच नाही." इतर दिवशी शौचाला अजिबात त्रास नव्हता.

या एका उत्तराने प्रकरणाची दिशा एंडोमेट्रिओसिस या आजाराकडे वळली. ती का, हे समजायला आधी साध्या कळा कशा येतात ते पाहावं लागेल.

दर महिन्याला बीज बाहेर पडल्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि गर्भ राहिला नाही तर ते झपाट्याने खाली येतं. ते उतरलं की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू घट्ट आवळतो, त्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटतो आणि कळ येते. हीच रसायनं रक्तात उतरली की मळमळ, उलट्या, जुलाब, डोकेदुखी होते. म्हणून साध्या कळांचं वेळापत्रक ठरलेलं असतं: रक्त दिसण्याच्या काही तास आधी किंवा रक्तासोबत सुरुवात, पहिल्या दिवशी जोर, दोन-तीन दिवसांत संपूर्ण थांबणं. बीज बाहेर पडलं तरच हे सगळं घडतं. पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने अनेक मुलींच्या शरीरात बीज बाहेर पडत नाही. म्हणून साध्या कळा पहिल्या पाळीपासून नसतात, सहा महिने ते दोन वर्षांनी सुरू होतात.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर, बीजकोशावर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांवर रुजलेली असते. तिच्यावरही महिन्याच्या हार्मोनचा परिणाम होतो. तिथे दाह होतो, व्रण पडतो, आजूबाजूचे अवयव चिकटू शकतात, नसा जास्त हळव्या होतात. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली खोलगट जागा ही या आजाराची आवडती जागा. तिथे दाह असेल तर पाळीच्या दिवसांत मल पुढे सरकताना दुखतं. मूत्राशयावर ठिपके असतील तर लघवीला दुखतं. लग्न झालेल्या स्त्रीला संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो. कॉलेजातल्या मुलींना तो होत नाही, तो तिशीचा आजार आहे, ही समजूत चुकीची आहे. आणि तो कर्करोग नाही, हेही इथेच सांगते, कारण पुढे त्या शब्दाने या घरात घबराट उडाली.

त्याच दिवशी सोबत मुलीची चुलत बहीण आली होती, पंधरा वर्षांची, नववीतली. तिच्या आईने निरोप दिला होता की हिलाही बघा. तिची पाळी म्हणजे घरातला मोठाच प्रसंग. पहिल्या दिवशी तीन-चार उलट्या, घाम, हातपाय गार पडणं, एकदा शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच चक्कर येऊन पडली. ऐकणाऱ्याला वाटेल की जास्त आजारी हीच. पण तिची हकिगत विचारली तर पाळी तेराव्या वर्षी आली, दुखणं वर्षभराने सुरू झालं, रक्त दिसलं की दुखतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपतं, मग महिनाभर काही नाही. शौचाला, लघवीला दुखत नाही. तेव्हापासून दुखण्याचं रूप बदललेलं नाही. तिचं पोट तपासलं, रक्तातलं हिमोग्लोबिन पाहिलं आणि सोनोग्राफी न करता उपचार सुरू केले. अशा हकिगतीत आधी तपासण्या करायची गरज नसते.

दोघींना दिलेलं औषध एकच होतं, मेफेनॅमिक ॲसिड. आणि दोघीही ते आधीपासून घेत होत्या! मेडिकलमधून आणलेली पोटदुखीची गोळी, ज्यात मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलिग्रॅम आणि सोबत पोटाचा मुरडा कमी करणारं औषध असतं. असह्य झालं की एक गोळी, तीही रिकाम्या पोटी, आणि अर्ध्या तासात उलटीतून बाहेर. मग घरातला निष्कर्ष असा की हिला गोळीही लागू पडत नाही.

ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात, तयार झालेलं नाहीसं करत नाहीत. कळ शिगेला पोचल्यावर गोळी घेणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं. म्हणून पाळी येणार अशी पहिली चाहूल लागताच, किंवा रक्ताचा पहिला डाग दिसताच सुरू करायची. जेवणानंतर ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन ते तीन दिवस, दुखो वा न दुखो. सोबत ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी. शेकाचा उपयोग खरा आहे, ती नुसती आजीची समजूत नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी दमा उसळत असेल तर हे औषध द्यायचं नाही. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही झालं तर लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवायचं. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडच्या अशाच एका दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रियेबद्दल सूचना काढली होती. हे औषध चालत नसेल तर आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन याच गटातली आहेत आणि तीही वेळेवर घेतली तरच काम करतात.

धाकटीचं काम इथेच झालं. दुसऱ्या महिन्यापासून ती पाळीतही शाळेत जाऊ लागली.

मोठीसाठी मात्र सुरुवातीलाच सोनोग्राफी सांगितली, कारण हकिगत तशी होती. लग्न न झालेल्या, संबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी किंवा योनिमार्गातून सोनोग्राफी करत नाही. लघवीने मूत्राशय भरलेलं असताना पोटावरून करतात. तिच्यात मी दोन गोष्टी मुद्दाम पाहायला सांगते. एक, बीजकोशात जुन्या रक्ताची गाठ, जिला सगळे चॉकलेट सिस्ट म्हणतात. दुसरी, दोन्ही मूत्रपिंडं जागेवर आहेत का. हे ऐकून रेडिओलॉजिस्ट सोडून बाकी सगळे चकित होतात. गर्भाशय आणि मूत्रपिंडं गर्भात एकाच सुमाराला, एकमेकांच्या शेजारी घडतात. काही मुलींना जन्मतः दोन गर्भाशयं आणि त्यांतल्या एका बाजूची योनी बंद असते, आणि त्याच बाजूचं मूत्रपिंड नसतं. अशा मुलीला उघड्या बाजूने पाळी नियमित येते, म्हणून कुणालाच शंका येत नाही. बंद बाजूला मात्र महिन्यागणिक रक्त साठत जातं. पाळी सुरू झाल्यावर थोड्याच महिन्यांत सुरू झालेलं, दर महिन्याला वाढत जाणारं, एका बाजूचं दुखणं असेल तर आधी हे वगळायचं, कारण यावर लवकर शस्त्रक्रिया करावी लागते. साठलेलं रक्त उलटं पोटात जाऊन पुढे एंडोमेट्रिओसिसही होतो.

तिच्या सोनोग्राफीत गर्भाशय एकच, दोन्ही बीजकोश नीट, दोन्ही मूत्रपिंडं जागेवर. रिपोर्टच्या शेवटी नेहमीचं वाक्य होतं की काही दोष आढळला नाही. आईचा चेहरा खुलला. "म्हणजे काही नाही ना? मग हिला अभ्यासाचंच टेन्शन असेल."

अनेक मुलींची फाइल नेमकी या वाक्यावर बंद होते. पोटाच्या पडद्यावरचे एंडोमेट्रिओसिसचे ठिपके काही मिलिमीटरचे, सपाट असतात. सोनोग्राफीला ते दिसत नाहीत. चॉकलेट सिस्ट किंवा खोल रुजलेली गाठ दिसू शकते, आणि या वयात बहुतेकींमध्ये आजार अजून तिथवर गेलेला नसतो. म्हणजे सोनोग्राफीत काही सापडलं तर निदानाला बळ येतं, काही सापडलं नाही तर एवढंच कळतं की मोठी गाठ आणि जन्मजात अडथळा नाही. मी आईला हेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की टेन्शनने पाळीच्या दिवसांतच, तेही शौचालाच दुखत नाही.

पुढचे दोन महिने गोळी वेळेवर आणि एक वही. वहीत चारच गोष्टी: दुखलं त्या दिवशीची तारीख, शून्य ते दहामध्ये किती, रक्त होतं का नव्हतं, आणि शौच-लघवीला दुखलं का. कॉलेज बुडलं तर तसा शेरा.

दरम्यान घरच्यांनी एका लॅबच्या पॅकेजमध्ये रक्त तपासून आणलं. त्यात सीए-१२५ नावाची तपासणी होती आणि आकडा मर्यादेपेक्षा थोडा वर होता. कुणीतरी मोबाइलवर शोधलं आणि बीजकोशाचा कर्करोग असं निघालं. आई दोन रात्री झोपली नव्हती. ही तपासणी पाळीच्या दिवसांत, पोटातल्या कोणत्याही दाहात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, क्षयातही वाढू शकते. एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी ती वापरू नये असं युरोपच्या प्रजनन-वैद्यक संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही स्पष्ट आहे. आकडा वाढला म्हणून आजार ठरत नाही, नॉर्मल आला म्हणून सुटत नाही. मग ती करायचीच कशाला? सोनोग्राफीत बीजकोश नीट असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीत हा आकडा मी बाजूला ठेवला.

वही मात्र कामाची ठरली. दोन महिन्यांनी त्यात साफ दिसत होतं की उलट्या थांबल्या, पहिल्या दिवसाच्या कळा नऊवरून चारवर आल्या. म्हणजे औषध लागू पडत होतं, आणि दुखण्याचा तो भाग प्रोस्टाग्लँडिनचा होता. पण पाळीआधीचे तीन दिवस जसेच्या तसे, शौचाचं दुखणं जसंच्या तसं आणि पाळी नसतानाही महिन्यात पाच-सहा दिवस उजवीकडे दुखल्याची नोंद. तिला दोन दुखणी होती, एकावर एक बसलेली. वही नसती तर "गोळीने थोडं बरं वाटतं" एवढंच कळलं असतं.

याच भेटीत आईकडून आणखी एक गोष्ट कळली. घरात कुणाला असा त्रास होता का, असं पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा उत्तर होतं, "नाही, मला काही नाही, माझी तर पिशवी काढलीय." या वेळी विचारलं, का काढली? "दुखायचं म्हणून. एकतिसाव्या वर्षी. दोन मुलं झाली होती, मग म्हणाले आता काय उपयोग, काढून टाका." आपल्याकडे पिशवी काढली हे सांगताना बायका आजाराचं नाव सांगत नाहीत, कारण ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशयं कमी वयात मोठ्या संख्येने काढल्याचं पुढे आलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातही पाळीचा आणि ओटीपोटाचा त्रास आणि त्यापायी बुडणारी मजुरी हाच धागा होता. मी आईंना जुनी फाइल शोधून आणायला सांगितली. लोखंडी कपाटातून ती निघाली. काढलेल्या गर्भाशयाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आत घडी करून ठेवलेला, कुणी न वाचलेला. त्यात लिहिलं होतं: गर्भाशयाच्या भिंतीत ॲडेनोमायोसिस आणि सोबत काढलेल्या उजव्या बीजकोशात एंडोमेट्रिओसिस. ॲडेनोमायोसिस म्हणजे अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या स्नायूतच शिरलेली असणं. आई किंवा सख्ख्या बहिणीला एंडोमेट्रिओसिस असेल तर मुलीला तो असण्याची शक्यता वाढते.

इतकं हाताशी आल्यावर उपचार सुरू करायला पोटात दुर्बीण घालून पाहण्याची वाट बघायची नसते. पूर्वी दुर्बिणीतून ठिपके पाहून, तुकडा तपासल्याशिवाय निदान मानत नसत. आता त्या युरोपीय तत्त्वांनुसार हकिगत आणि तपासणीवरून संशय बळकट असेल तर आधी औषध देऊन पाहता येतं. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही दिसत नाही आणि औषधही लागू पडत नाही किंवा चालत नाही, तेव्हा दुर्बीण.

औषध म्हणजे हार्मोन. मी मिश्र गर्भनिरोधक गोळी निवडली, मध्ये खंड न पाडता रोज एक. पाळीच येऊ द्यायची नाही हा त्यामागचा हेतू. डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम हेही या आजारात चांगलं औषध आहे, पण किशोरवयात हाडं भरत असताना त्याने मणक्याच्या हाडांची घनता थोडी कमी होते असं दिसलं आहे, म्हणून या वयात ते मी दुसऱ्या फळीत ठेवते. मिश्र गोळी देण्यापूर्वी रक्तदाब मोजला आणि दोन प्रश्न विचारले: डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा किंवा चमकते ठिपके येतात का, आणि घरात कुणाला पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का. यांतलं काही असतं तर ही गोळी दिली नसती.

घरात यावर बराच वाद झाला. आजी म्हणाली, लग्नाआधी असल्या गोळ्या? वडिलांचा प्रश्न एकच होता, पुढे मूल होईल ना? हे प्रश्न मला अडाणीपणाचे वाटत नाहीत, त्यांना सरळ उत्तर द्यावं लागतं. गोळी थांबवली की बीज बाहेर पडणं पुन्हा सुरू होतं, गोळीने वंध्यत्व येत नाही. एंडोमेट्रिओसिसमुळे काही स्त्रियांना मूल राहायला वेळ लागतो किंवा मदत लागते, अनेकींना आपोआप राहतं. आणि शेजारच्या काकू सांगतात तसं लवकर लग्न लावून दिल्याने, बाळंतपण झाल्याने हा आजार जात नाही. गरोदरपणात पाळी नसते तेवढे महिने काहींना आराम पडतो, इतकंच. त्यांच्या समोर बसलेल्या आईला दोन बाळंतपणं झाली होती, तरी एकतिसाव्या वर्षी पिशवी काढावी लागली होती. त्यानंतर आजी काही बोलल्या नाहीत.

पहिले दोन महिने मधूनमधून डाग पडले. असं होणार हे आधी सांगितलं नसतं तर गोळी तिथेच बंद झाली असती. चौथ्या महिन्यापर्यंत कॉलेज बुडणं दर महिन्याला एक दिवसावर आलं आणि प्रॅक्टिकल पार पडली. पण वहीत शौचाचं दुखणं सहावरून पाचवर, म्हणजे जवळजवळ तिथेच. उजवीकडचं दुखणं आता पाळीशी बांधलेलं राहिलं नव्हतं. सहा महिने झाल्यावर मी पुण्यातल्या, हीच शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या एका सर्जनकडे पाठवलं. गोळीने पुरेसा आराम पडला असता तर पाठवलं नसतं, औषधच चालू ठेवलं असतं. किशोरवयीन मुलींमध्ये वेदनाशामक आणि हार्मोन दोन्ही नीट देऊनही दुखणं राहत असेल, तर दुर्बिणीत किमान दोन-तृतीयांश मुलींना एंडोमेट्रिओसिस सापडतो, असं अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये म्हटलं आहे.

सर्जन कोण हे इथे महत्त्वाचं असतं. मोठ्या बायकांमध्ये हे ठिपके जळाल्यासारखे काळे-निळे दिसतात. मुलींमध्ये ते बरेचदा पारदर्शक बुडबुड्यांसारखे किंवा लाल असतात. काळेच शोधणाऱ्या डोळ्यांना ते दिसत नाहीत आणि नॉर्मल म्हणून पोट बंद होतं. तिच्या पोटात गर्भाशयामागच्या खोलगट जागेत आणि उजव्या बाजूच्या दोरीवर असे लाल आणि पारदर्शक ठिपके सापडले, एका जागी गुदाशय किंचित चिकटलेला होता. अपेंडिक्स साफ होतं. ठिपके कापून काढले. पॅथॉलॉजीत एंडोमेट्रिओसिस पक्का झाला. बीजकोश आणि नलिका नीट होत्या, हे वडिलांना मी स्वतः दोनदा सांगितलं.

शस्त्रक्रियेने विषय संपत नाही. ठिपके पुन्हा येऊ शकतात, म्हणून गोळी पुढे चालू ठेवली. वर्षभरानंतर शौचाचं दुखणं एक-दोनवर आहे. महिन्यातले दोन-तीन दिवस ओटीपोट ठणकतं, तेव्हा ती वेदनाशामक गोळी घेते आणि कॉलेजला जाते. क्वचित एखादा दिवस घरी राहावं लागतं. अनेक वर्षं दुखणं सहन केल्यावर ओटीपोटाचे स्नायू सतत आवळून धरायची सवय लागते. त्यासाठी एका फिजिओथेरपिस्टकडून तिने श्वासाचे आणि स्नायू सैल सोडायचे व्यायाम शिकून घेतले आणि त्यांचा तिला फायदा झाला.

एक सावधगिरी इथे नोंदवते. वहीवर आणि महिन्यांच्या हिशेबावर चालणारी ही पद्धत सगळ्या पोटदुखीला लागू नाही. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या असतील तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तासांचा प्रश्न असतो. पाळी चुकलेली असताना दुखणं आणि चक्कर असेल तर गर्भ नलिकेत अडकलेला असू शकतो, मग मुलगी लग्नाची असो वा नसो, लघवीची गर्भचाचणी आधी. ताप आणि घाण वासाचा स्राव असेल तर संसर्ग. ओटीपोट सतत दुखतं, वजन उतरतं, संध्याकाळी कसर येते, पाळी कमी होत जाते, अशी हकिगत असेल तर आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय तपासावाच लागतो. आणि तासातासाला पॅड भिजत असेल तर दुखण्याआधी रक्तस्रावाकडे पाहायचं.

मुलीच्या शेवटच्या भेटीत आई खुर्चीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. म्हणाल्या, "मॅडम, ती सांगते तसं मला अजूनही होतं. महिन्यातून काही दिवस, संडासला बसताना. पिशवी नाही म्हणून मी कुणाला सांगितलं नाही, म्हटलं पाळीच नाही तर हे कसलं." त्यांचा डावा बीजकोश शाबूत आहे, तो दर महिन्याला हार्मोन तयार करतो, आणि गर्भाशय काढल्याने गर्भाशयाबाहेरचा आजार निघत नाही. त्यांची योनिमार्गातून सोनोग्राफी केली. योनी आणि गुदाशयाच्या मधल्या भिंतीत सव्वा सेंटिमीटरची गाठ दिसली. शौचातून रक्त जात नव्हतं, आतडं अडत नव्हतं, म्हणून शस्त्रक्रियेची घाई केली नाही. डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज सुरू केलं आणि मुलीसारखीच वही ठेवायला सांगितली. तीन महिन्यांनी वही पाहून आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी पुन्हा करून पुढचं ठरेल.